देव्हाऱ्यातले साहेब

लग्नानंतर जळगावच्या आमच्या दीड खोलीत ईशान्येचा कोपरा तेवढा रिकामा होता. तिथे फळी ठोकून मी कुलदैवताचे टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि समई मांडली. पूजेला बसणाऱ्याचं तोंड पूर्वेकडे येत होतं. कचेरीत कारकून असलेल्या यजमानांनी मधोमध आपल्या साहेबांचा फोटो ठेवला.

सोनगीरहून आलेल्या सासूबाईंनी विचारलं, "हाऊ कोणता देव शे?"

"बढती देणारा," मी म्हणाले.

त्यांनी टवका उडालेली अन्नपूर्णा विसर्जनासाठी बाजूला काढली आणि फोटो उचलून खोलीतल्या एकाच मोकळ्या खिळ्यावर, मोरीच्या वर, लावला.

पुढच्याच रविवारी साहेब चहाला आले. हात धुवायला मोरीपाशी गेले आणि समोर स्वतःलाच पाहून थबकले. यजमान पांढरेफटक पडले.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "देवस्मा जित्ता माणूसना फोटो ठेवतस नही, भाऊ. आयुष्य कमी व्हस."

साहेबांनी घाईघाईने विचारलं, "किती दिवस होतो मी तिथे?"

"पंधरा," मी म्हणाले.

"इथेच राहू द्या," साहेब म्हणाले, आणि यजमानांकडे त्यांनी असं रोखून पाहिलं की त्या वर्षी बढतीचा विषय आमच्या घरात कोणी काढला नाही.