वहिनीसाठी राखलेलं गार पाणी

उन्हाळ्यात आमच्या अंगणात तेंदूपत्त्याची फडी लागायची, म्हणजे जंगलातून पानं तोडणारे लोक पुडे मोजून द्यायला आमच्याकडेच यायचे. मोजायचा दादा. कडुलिंबाखाली ओल्या रेतीवर मोठा रांजण, अन् काय गार पाणी व्हायचं त्यात! पाणी बारीक छिद्रांतून बाहेर झिरपतं, वाऱ्यानं उडून जातं, अन् जाता जाता आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. हात लावला की रांजण सदा घामेजलेला.

आत्या होती तोवर रांजणाला कोणी शिवत नव्हतं. ती लांब दांड्याच्या डोयानं लोकांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची, अन् दर बाजाराच्या दिवशी रांजण उपडा करून आतून राखेनं घासायची. दुसऱ्याचा हात लागलेला तिला खपतच नव्हता, एवढंच. दादा चिडवायचा, "आत्या, रांजणाले आंघोळ काऊन घालून राहिली?"

मे महिन्यात आत्या लेकीच्या बाळंतपणाला सौंदडला गेली. डोया कुठं ठेवला, कोणाला सापडेना. दादानं टिनाचा पेला सुतळीनं बांधून दिला, ज्याला तहान लागेल त्यानं बुडवावा. पेल्याबरोबर बोटंही बुडायची. घासणं तर राहूनच गेलं. रांजण अर्धा झाला की वरून भरायचा, कारण खालचं गार झालेलं पाणी फेकवत नव्हतं.

मग एक बाई पुडे घेऊन आली, तोंड पार उतरलेलं. सकाळपासून जुलाब होत होते म्हणे. ती पुन्हा पुन्हा बांधाकडे जायची अन् येऊन तोच पेला बुडवायची. दुसऱ्या दिवशी कळलं, पटकीनं गेली. फडी बंद झाली. सरकारी माणूस आला, विहिरीत लाल औषध टाकलं, आता हेच पाणी प्या म्हणाला. आम्हाला वाटलं, सुटलो.

वहिनीला सातवा महिना. ती तोवर चुलीजवळच्या मडक्यातलं प्यायची, पण त्यात आता लाल पाणी आलं होतं. तिला त्याचा वास सहन होईना, घोट पोटात टिकेना. दादा रांजणातलं पाणी घेऊन आला. किती खूश होता तो!

"हे आधीचं आहे, बिनऔषधाचं. तुझ्यासाठी राखून ठेवलं. पी."

वहिनी दोन पेले प्याली. म्हणाली, "आता जीव थंडावला."

दुसऱ्या दुपारी तिला जुलाब सुरू झाले, मग उलट्या. डोळे खोल गेले, हातापायाला गोळे आले. ती पाणीच मागत होती, अन् दादा त्याच रांजणातून देत होता. दिवस मावळला तेव्हा ती गेली, पोटातल्या लेकरासकट.

आत्या परतली अन् सरळ रांजणाशी गेली. पाणी ओतून दिलं, आत हात घालून फिरवला, बाहेर काढला तर बोटांवर बुळबुळीत गाळ.

"आतून कोणी घासला होता?"

दादा म्हणाला, "थंड होतं ना पाणी, आत्या. कायले फेकू?"

आत्यानं रांजण उन्हात उपडा घातला. अजून तो तसाच आहे. दादा भर दुपारीही तांब्यातलं कोमट पाणी पितो, गार पाणी पुढं केलं की उठून जातो.