स्टेपनी नसलेली गाडी

नवीन ड्रायव्हर गाडी ताब्यात घेतो तेव्हा आधी डिकी उघडून स्टेपनीला लाथ घालून बघतो. मीही बघितलं. मालक गुळाचे व्यापारी, त्यांनी मुंबईहून आणलेली परदेशी गाडी, आणि डिकीत स्टेपनीच नाही! नोकरीचा पहिलाच दिवस, म्हणून गप्प बसलो. तीच माझी चूक झाली.

आठवड्यानं मालक आणि त्यांच्या बायको, वहिनीसाहेब, यांना घेऊन रत्नागिरीहून परत येताना मलकापूरजवळ डॅशबोर्डवर टायरचा लाल दिवा पेटला. चहाच्या टपरीपाशी गाडी घेतली. मागच्या टायरात हा एवढा खिळा रुतलेला, पण टायर बघावं तर बसलेलं दिसेना. मालकांनी स्वतः डिकी उघडली.

"स्टेपनी कुठं हाय रं?"

"मालक, पहिल्यापास्नंच न्हाय."

"मग आठ दिवस तोंडात काय मिठाची गुळणी धरलीवतीस? इकली म्हण की! चोर लेकाचा!"

टपरीवरची दहा-बारा माणसं बघत होती. अंगाची लाही लाही झाली. बारा वर्षं गाड्या चालवल्या, कुणाच्या पैशाला हात लावला नव्हता. वहिनीसाहेब मास्तरीण. त्यांनी पुढच्या कप्प्यातलं गाडीचं इंग्रजी पुस्तक काढलं आणि तिथंच मोठ्यानं अर्थ सांगत वाचायला घेतलं. ह्या गाडीला कंपनी स्टेपनी देतच नाही. टायरच्या बाजू जाड, हवा गेली तरी गाडी पेलतात. मात्र ताशी ऐंशीच्या आत चालवायची आणि ऐंशी किलोमीटरच्या आत टायरवाल्याकडं पोचायचं. ओझं कमी असेल तेवढं बरं.

"कोल्हापूर पन्नासाच्या आत हाय," मी म्हणालो. "पर माझ्या हिशोबानं चालवणार."

मागं भरलेल्या आंब्याच्या पेट्या टपरीवर उतरवल्या. काटा साठाच्या पुढं जाऊ दिला नाही, वळणावर त्याहून कमी. "पळव की लेका!" मालक दोनदा ओरडले. मी म्हणालो, "न्हाय मालक. ऐंशीची हद्द हाय, पळवायची न्हाय." प्रवासी कोंबून भरलेली एक वडाप जीप भोंगा वाजवत पुढं गेली. जाऊ दे म्हटलं!

कोल्हापुरात टायरवाल्यानं हवा तपासली आणि कपाळाला हात लावला. "पावणं, ह्यात टिपूसभर हवा न्हाय की!" असल्या टायरचं पंक्चर काढून परत वापरणं धोक्याचं, नवंच लागेल, म्हणाला. रिम मात्र शाबूत होती. छाती दोन इंच फुगली माझी!

मालकांनी खांद्यावर हात ठेवला. "चुकलं बाबा माझं."

"हितं न्हाय मालक," मी म्हणालो. "जिथं चोर म्हणलासा, तिथं म्हणा."

बोलून गेलो खरा, मग वाटलं, गेली नोकरी!

नवं टायर आलं, बसवलं. दुसऱ्या दिवशी मालक गाडीत बसले आणि म्हणाले, "मलकापूरला घे." टपरीवर तशीच गर्दी होती. मालकांनी बाकावर बसायच्या आधी खणखणीत आवाजात सांगितलं, "ऐका रं! ह्यानं काय इकलं न्हवतं. मीच येडा!" आणि पहिला चहा स्वतः माझ्या हातात दिला.