उजव्या चौकटीतले पुसलेले आकडे

नऊ ऑगस्ट, शुक्रवार. पूर्व विभागात अकरा, पश्चिम विभागात एक.

मृत्यूच्या नोंदवहीतील ही बेरीज रेघाबाईंनी त्या दिवशी सकाळी कार्यालयात आल्याबरोबर केली. गेली सव्वीस वर्षे त्या शहराच्या आरोग्य खात्यात हेच काम करीत होत्या. दवाखान्यांतून येणारे आकडे तपासायचे, मांडायचे आणि वरच्या मजल्यावर पाठवायचे. नोकरीला लागल्या तेव्हा आलेखाचा कागद, लाकडी पट्टी आणि दोन रंगांच्या पेन्सिली एवढीच त्यांची सामग्री होती, 'रेघाबाई' हे टोपणनावही तेव्हाचेच. पुढे संगणक आले, तेव्हा बरोबरीच्या दोघांनी बदली मागून घेतली. रेघाबाईंनी मात्र पन्नाशीला टेकताना पायथॉन ही संगणकाची भाषा शिकून घेतली, आणि तिच्यातल्या मॅटप्लॉटलिब या आलेख काढण्याच्या साधनाने त्या अशा आकृत्या काढू लागल्या की शेजारच्या टेबलावरचे आवक-जावक कारकून म्हणत, "बाईंच्या आलेखावर बोट फिरवून बघा, धूळ लागायची नाही."

या स्वच्छतेचा त्यांना अभिमान होता. चुकीची रेघ त्यांना खपत असे एक वेळ, पण ओबडधोबड रेघ खपत नसे. माणसाचा ऱ्हास त्याच्या दुर्गुणांतून होतो असे आपण समजतो. पुष्कळदा तो ज्या गुणाचे कौतुक झालेले असते, त्याच्याच वाटेने येतो.

जुलाब-उलटीची साथ जुलैच्या अखेरीस सुरू झाली. पूर्व आणि पश्चिम विभागांची लोकसंख्या जवळजवळ सारखी, म्हणून दोन्हीकडच्या दररोजच्या रुग्णांचे स्तंभ एकाच आकृतीत, शेजारी शेजारी दोन चौकटींत दाखवायचे असा बाईंचा नेम होता. डावीकडे पूर्व, उजवीकडे पश्चिम. आज्ञावलीच्या ओळीत त्या sharey=True असे लिहीत. त्यामुळे दोन्ही चौकटींचा उभा अक्ष एकच होई. डावीकडे शंभर ज्या उंचीवर, उजवीकडेही शंभर त्याच उंचीवर. आणि अक्ष एकच असल्यामुळे मॅटप्लॉटलिब उजव्या चौकटीवरचे आकडे स्वतःहून गाळत असे; तेच आकडे दोनदा कशाला? सभेतल्या मंडळींच्या नजरेलाही हे सवयीचे झाले होते. उजवीकडे आकडे नाहीत, म्हणजे डावीकडचेच लागू.

सहा ऑगस्टला, मंगळवारी, पूर्वेत एकशे अठरा रुग्ण होते, पश्चिमेत चौदा. आकृती पाहून आरोग्य अधिकाऱ्यांनी बाईंना वर बोलावले.

"बाई, पश्चिमेचे स्तंभ म्हणजे जमिनीला चिकटलेल्या काड्या. उद्याच्या सभेत तिकडची मंडळी समोर बसणार आहेत. आमचं काही दाखवतच नाही म्हणतील. जरा दिसतील असं करा की."

"करते, सर."

बाई खाली आल्या आणि त्यांनी sharey=True एवढे काढून टाकले. लगेच प्रत्येक चौकट आपापल्या आकड्यांपुरती ताणली गेली. डावी चौकट एकशे वीसच्या वर, उजवी पंधराच्या आत. पश्चिमेचे चौदा पूर्वेच्या एकशे अठराच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. उजवीकडे तिचे स्वतःचे आकडेही उमटले, दोन, चार, सहा, असे. पण दोन चौकटींमधली जागा बाईंनी पूर्वीच चिंचोळी करून ठेवली होती, त्यामुळे हे आकडे डाव्या चौकटीच्या शेवटच्या स्तंभावर चढून बसले. दिसायला गचाळ दिसू लागले. बाईंनी उजव्या चौकटीसाठी labelleft=False असे लिहिले. आकडे नाहीसे झाले. आकृती स्वच्छ झाली. अक्ष मात्र वेगळेच राहिले.

त्या क्षणी त्यांना काही खटकले नाही, असे म्हणणे सोपे आहे. बारीकसे खटकले होते. पण पाच वाजत आले होते, आणि पुढच्या पानावर तक्ता आहेच, ज्याला पाहायचा तो पाहील, असे त्यांनी मनाशी म्हटले.

बुधवारच्या सभेत कोणीही पान उलटले नाही. फिरती पथके चार होती. प्रत्येकात एक डॉक्टर, दोन मदतनीस, सलाईन आणि पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या. आकृतीकडे पाहून अध्यक्ष म्हणाले, "दोन्हीकडे सारखीच स्थिती दिसते आहे. दोन-दोन द्या, वाद नको." पूर्वेच्या दवाखान्यातल्या सिस्टरने चारही पथकांची मागणी लेखी पाठवली होती. त्यावर कोणीतरी म्हणाले, "ती बाई नेहमीच बोंब मारते," आणि सभेला थोडे हसू आले. भिंतीलगतच्या खुर्चीवर बसलेल्या रेघाबाईंनी मान खाली घालून इतिवृत्तात लिहिले, समान वाटप.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता सिस्टरचा फोन आला. दोघींची ओळख बहुतेक फोनवरचीच, पण बारा वर्षांची.

"ताई, माझी एक शंका आहे. पश्चिमेची सिस्टर आता भेटली. म्हणाली, तिचा मंगळवारचा आकडा चौदा. माझा एकशे अठरा. मीच तुम्हाला सांगितला ना?"

"तुम्हीच सांगितला."

"मग दोघींना दोन-दोन पथकं, हे गणित कोणत्या शाळेतलं? इथे एका खाटेवर तिघं झोपलेत. सलाईन लावायला हात नाहीत ताई, सलाईन आहे."

"ते सभेत ठरतं, सिस्टर. मी विचारते वर."

फोन ठेवून त्यांनी आकृती उघडली. आता ती इतकी उघड खोटी दिसत होती की आपण काल ती पाहिली कशी, याचेच त्यांना नवल वाटले. त्यांनी sharey=True पुन्हा लिहिले आणि लपवलेले आकडे परत आणण्याची गरजच उरली नाही; आता त्यांचे नसणे खरे होते. पश्चिमेचे स्तंभ खाली बसले आणि पूर्वेचे एकटे उभे राहिले. कामाला चार मिनिटे लागली.

यापुढचे काम म्हणजे एक जिना चढून साहेबांच्या दारावर टकटक करणे आणि सांगणे, मी चुकले, पथके हलवा. बाई उठल्याही. मग बसल्या. त्यांनी नवी आकृती ईमेलला जोडली, विषय लिहिला, 'सुधारित आकृती', आणि खाली, 'माहितीसाठी सादर'. बारा वाजून दहा मिनिटांनी पाठवली. साहेब पाहतील, त्यांच्या आपोआप लक्षात येईल, आणि 'चुकले' हा शब्द कोणालाच उच्चारावा लागणार नाही, अशी त्यांची आशा होती. साहेब दिवसभर आयुक्तांकडे बैठकीत होते. बाईंना हे ठाऊक होते. साहेबांचा मोबाइल नंबरही ठाऊक होता.

दुपारभर त्यांनी जुन्या फायलींना नव्या दोऱ्या बांधल्या.

संध्याकाळी जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगितले, पण तेही आडून. "समज, एखादी आकृती चुकली आणि आपण दुरुस्त करून पाठवली, तर झालं ना?"

नवरा छापखान्यात मुद्रितशोधक होता. पोळीचा तुकडा हातात तसाच ठेवून म्हणाला, "आमच्याकडे चूक राहिली तर शुद्धिपत्र लावतात. त्यावर मोठ्या अक्षरात 'शुद्धिपत्र' लिहितात, अमुक ठिकाणी अमुक वाचावे म्हणून. गुपचूप पान बदललं, तर ज्याने आधीचं वाचलं त्याला कसं कळणार?"

"सुधारित असं लिहिलंय मी."

"सुधारित तर तू रोजच लिहितेस. काय चुकलं ते लिहिलंस का?"

बाईंनी ताटात पाणी ओतले आणि उठल्या.

शुक्रवारी त्यांनी नोंदवहीतली बेरीज केली. गुरुवारी सकाळपर्यंत पूर्वेत नऊ मृत्यू होते. दहा वाजता त्या वर गेल्या आणि उभ्यानेच सांगितले. साहेबांनी ईमेल उघडला. तो न वाचलेल्यांच्या ढिगात होता. दोन्ही आकृत्या शेजारी ठेवून पाहिल्या.

"दिसतील असं करा, हे मीच म्हणालो होतो," ते म्हणाले.

"स्तंभ मोठे करा म्हणालात, सर. आकडे पुसा नव्हतं म्हणालात."

दुपारच्या आत पश्चिमेत एकच पथक ठेवून दुसरे पूर्वेत हलवले; तिथे आता तीन झाली. आठवडाभरात तिथले स्तंभ उतरू लागले. पुढच्या सभेत बाईंनी सर्वांसमोर चूक सांगितली, दोन्ही आकृत्या दाखवल्या, आणि यापुढे अक्ष वेगळे असतील तिथे दोन्ही बाजूंना आकडे राहतील, असे लिहून दिले. सिस्टर नेहमीच बोंब मारते, हे वाक्यही लोकांच्या बोलण्यातून निघून गेले. अध्यक्ष म्हणाले, "स्वतःहून चूक कबूल करणारी माणसं आज मिळतात कुठे?" आणि मंडळींनी टाळ्या वाजवल्या. रेघाबाईंना त्या टाळ्या थोबाडीत बसाव्यात तशा वाटल्या. शिक्षा झाली असती तर निदान हिशेबाला तोंड तरी फुटले असते. कौतुकाने त्यावर झाकण बसवले.

महिन्याच्या अखेरीस सिस्टर नोंदवह्या घेऊन कार्यालयात आल्या. फोनवरच्या आवाजापेक्षा लहानखुऱ्या, टाचा फुटलेल्या. त्यांनी बाईंचा हात हातात घेतला.

"ताई, तुम्ही बोललात म्हणून तिसरं पथक आलं. नाहीतर मी ओरडून ओरडून मेले असते. आमच्याकडचे डॉक्टर म्हणतात, एक दिवस आधी आलं असतं तर शेवटचे दोघं कदाचित वाचले असते. ती मुलीवाली बाई आणि ते म्हातारे शिंपी. कदाचित हं. खात्रीनं कोण सांगणार?"

"कोणी नाही," बाई म्हणाल्या.

"ती आकृतीतली चूक तुम्हाला कळली तरी कधी? माझ्या फोनवरून का?"

बाईंनी नोंदवहीचे पान उलटले. त्यावर काहीच नव्हते.

"शुक्रवारी," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी सकाळी बसले, तेव्हा लक्षात आलं."

"तरी लवकर आलं म्हणायचं," सिस्टर म्हणाल्या, आणि पोहोच घेऊन पाच वाजताची बस पकडायला निघाल्या.

शेवटचे दोघे वाचले असते की नाही, हे कोणत्याही आकृतीत काढता येत नाही. गुरुवारी अकरा ते शुक्रवारी दहा हे तेवीस तास मात्र मोजता येतात. रेघाबाईंनी ते सिस्टरला अजून सांगितलेले नाहीत.