पाऊणची पाळी

आमच्या ऑफिसात वहिनींना सगळेच वहिनी म्हणायचे, कारण त्यांचे यजमान आमचे दादा होते. दोघं एकाच टेबलावर बसायचे, बँकेच्या कॉल सेंटरमधल्या 'निधन' टेबलावर. खातेदार वारला की घरचे लोक ज्या नंबरवर फोन करतात, तो नंबर आमच्याकडे वाजतो. मीही तिथेच. लग्नाच्या बाजारात हे सांगितलं की समोरचा चहा अर्धवट टाकून उठायचा, असा माझा अनुभव आहे. असो.

बाकीच्या टेबलांवर माणसं भरपूर. कार्ड हरवलं, पासवर्ड विसरला, पैसे अडकले, अशा फोनांना तीसचाळीस जण असतात. त्यातले चारपाच एकदम जेवायला उठले तरी कुणाचं काही अडत नाही. आम्ही मात्र चौघंच. चौघांतला एक उठला की पाव टेबल रिकामं. त्यात लोक फोन करणार कधी, तर त्यांच्या स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत. म्हणजे भर दुपारी, आमच्याही पोटात कावळे ओरडत असताना. म्हणून आमची जेवणं एकामागून एक लावलेली. पहिला साडेअकराला, शेवटचा पावणेदोनला, आणि दोन पाळ्यांच्या मध्ये थोडी मोकळी जागा, कारण आमचा फोन वेळेवर संपेल याची खात्री नाही. एकाचा फोन लांबला की त्याचं जेवण लांबतं, मग पुढच्याचं, आणि शेवटचा माणूस थेट चहालाच पोचतो.

या पाळ्या लावायचा आमचा आखणीवाला. जेवणाचे मुहूर्त काढतो म्हणून त्याला मी मुहूर्तराव म्हणायचे. दिवसभर पडद्यावरच्या रेघा बघत बसायचा आणि कुणी पाच मिनिटं आधी उठलं की तिथूनच मान वर करायचा. त्याच्या हिशोबात दादांना साखरेचा त्रास म्हणून पहिली पाळी आणि वहिनींना शेवटची. एकाच टेबलावरची दोन माणसं एकदम उठू शकत नाहीत, मग ती नवराबायको का असेनात. सोळा वर्षं एका डब्यात जेवले दोघं, पण एकत्र कधी नाही. दादा आपला अर्धा भाग खाऊन डबा पुसून बंद करायचे. वहिनी दुपारी उघडून म्हणायच्या, "बघ, भाजी सगळी मला ठेवलीय. नुसत्या पोळ्या गिळल्या असणार." आणि दादा पलीकडून हेडफोन घातलेल्या अवस्थेत हात हलवून सांगायचे, नाही, नाही, खाल्ली.

टेबलाचा एक नियम होता, तो दादांनी पाडलेला. कंपनीचा नव्हे, दादांचा. आपण आधी फोन ठेवायचा नाही. समोरच्यानं ठेवू द्यायचा. मी नवीन असताना त्यांनी सांगितलं होतं, "त्यांचं माणूस त्यांना सोडून गेलंय. आपण तरी आधी जाऊ नये." मला तेव्हा ते फार गोड वाटलं होतं. आज त्या वाक्याचा मला राग येतो.

दादा आजारी पडले ते वर्षाच्या सुरुवातीला. आधी आवाज गेला, मग वजन, मग डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. घर ऑफिसच्या मागे, दोन गल्ल्या सोडून. वहिनींची नणंद येऊन राहिली. पण दादांना दिवसातून एकदाच धड शुद्ध यायची, दुपारी औषध उतरल्यावर, पाऊण वाजायच्या आसपास. तेवढ्या वेळात दोन चमचे पेज पोटात जायची, तीही वहिनींच्या हातून. नणंदेनं चमचा पुढे केला तर ओठ मिटून घ्यायचे. वहिनी हसून सांगायच्या, "सोळा वर्षं एकटे जेवले ना, आता सूड उगवतायत."

पण पाऊण म्हणजे फोनांची ऐन गर्दी. दादा रजेवर, म्हणजे आम्ही तिघीच. वहिनी मुहूर्तरावांकडे गेल्या तेव्हा मीही मागोमाग गेले, भांडायच्या तयारीनं.

"मला पाऊणची पाळी हवी आहे," वहिनी म्हणाल्या.

त्यानं पडदा त्यांच्याकडे वळवला. "वहिनी, हे बघा. तिघी असताना इथं फोन मिनिटाभरात उचलला जातो. तुम्ही उठलात आणि दोघीच राहिल्या की सहा-सात मिनिटं. एक माणूस कमी झालं की वाट थोडी वाढत नाही, एकदम वाढते."

"माहीत आहे मला. म्हणूनच विचारतेय. नुसती उठून गेले असते तर?"

मी म्हटलं, "माणूस मरायला टेकलंय आणि तुम्ही रेघा दाखवताय?"

वहिनींनी माझा हात दाबला. "त्याचं खरं आहे गं. सात मिनिटं गाणं ऐकत बसायचं, आणि हातात मृत्यूचा दाखला. आपणच तर ऐकतो ना त्यांना."

मुहूर्तरावानं पडदा परत आपल्याकडे वळवला. मी त्याला मनात चार शिव्या हासडल्या, त्या नंतर मला परत घ्याव्या लागल्या. कारण त्यानं कार्डांच्या टेबलावरचा एक शांत स्वभावाचा गडी मागून घेतला, चार दिवस वहिनींच्या शेजारी बसवून काम शिकवलं, आणि पाचव्या दिवशी वहिनींच्या नावापुढे पाऊणची पाळी लागली. शिवाय तो त्यांचा फोन साडेबारालाच बंद करायचा, म्हणजे ऐन वेळी नवीन कुणी त्यांच्या गळ्यात पडणार नाही.

तो एक आठवडा वहिनी उड्या मारत जायच्या, दुसरा शब्द नाही. परत आल्या की सांगायच्या, "आज चार चमचे." एकदा म्हणाल्या, "आज मीही तिथंच ताट घेतलं. ते बघत होते माझ्याकडे. म्हटलं, बघा, तुमच्यासमोर जेवतेय. झालं एकदाचं." आणि डोळे पुसले. मी बाईमाणूस असून टेबलाखाली पेन शोधत बसले.

सोमवारी सकाळी बँकेची कार्डं चालेनाशी झाली. सगळ्या गावाची. दुकानात, पंपावर, हॉटेलात, जिकडे तिकडे लोक खोळंबलेले, आणि सगळे फोनवर. कार्डांच्या टेबलाच्या नाकी नऊ आले. वरून हुकूम आला, उसना दिलेला माणूस परत. आमचा गडी "सॉरी वहिनी" म्हणत उठला. सगळ्यांची जेवणं पुढे ढकलली. त्यात घाबरलेले लोक दिसेल तो नंबर दाबत होते, त्यामुळे आमच्याही भिंतीवरच्या बोर्डावर थांबलेल्यांचा आकडा चढत गेला.

साडेबाराला मुहूर्तराव स्वतः चालत आला. वहिनींच्या खुर्चीमागे उभा राहिला. "वहिनी, तुम्ही जा. मी बघतो."

वहिनींनी बोर्डाकडे पाहिलं. अकरा जण थांबलेले. "काय बघतोस? तुला फोन घेता येतो का?" त्या म्हणाल्या. मग घड्याळाकडे पाहिलं. "अजून वेळ आहे. हा एक घेते आणि निघते. माझा बंद करू नकोस."

तो एक फोन एका म्हाताऱ्या गृहस्थाचा होता. त्यांची बायको गेलेली. आमच्यात एकाच बाजूचं ऐकू येतं, पण मला पुरेसं ऐकू आलं. वहिनी म्हणत होत्या, "हो, दाखल्याची प्रत पुरेल. नाही, आजच नको. सावकाश पाठवा." काम दहा मिनिटांत झालं. पण त्या गृहस्थांनी फोन ठेवला नाही. वहिनी म्हणत होत्या, "हो का? कुठली भाजी? नाही, मीठ शेवटी घालायचं." त्या माणसाला स्वयंपाक येत नव्हता, आणि विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

मी माझा फोन संपवून त्यांना खूण केली, ठेवा. पाऊण होऊन गेला होता. त्यांनी मान हलवली. मी कागदावर मोठ्या अक्षरात 'ठेवा' लिहून समोर धरलं. त्यांनी तो कागद हातानं हळूच खाली केला, आणि फोनमध्ये म्हणाल्या, "हो, आहे ना. बोला तुम्ही."

त्यांनी ठेवला नाही. दादांचा नियम. तो मोडावा असं दादांना वाटलं असतं की नाही, हे मी कुणाला विचारू? त्या गृहस्थांनी आपणहून फोन ठेवला तेव्हा दीड वाजला होता. वहिनी पर्स न घेताच धावल्या.

आमचे मोबाईल दाराबाहेरच्या कपाटात कुलूपबंद असतात, बँकेचं काम म्हणून. वहिनींनी आपला काढला तेव्हा त्यावर नणंदेचे नऊ कॉल पडलेले होते. पहिला एकला पाच कमी असताना आलेला. दादा जागे झाले होते. दाराकडे बघत होते. नणंदेनं पेजेचा चमचा पुढे केला, त्यांनी ओठ मिटून घेतले, आणि तसेच गेले.

मी चितेपाशी उभी होते तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. तो म्हातारा. त्या माणसाचा काय दोष होता? काही नाही. तरी मला त्याचा गळा धरावासा वाटत होता.

पुढच्या आठवड्यात, दुपारी सव्वादोनच्या सुमाराला, माझ्याकडे फोन आला. मी नेहमीचं वाक्य म्हटलं, आणि पलीकडून वहिनींचा आवाज आला.

"मीच आहे गं. खातं बंद करायचंय त्यांचं."

"वहिनी, तुम्ही कशाला या नंबरवर? मला सांगायचं होतं, मी घरी आले असते."

"नाही नाही, रीतसर करूया. मुद्दाम आत्ता केला, तुमची जेवणं आटपल्यावर. मध्ये कडमडले असते तर कुणाचं तरी अडलं असतं."

मी एकेक विचारत गेले. खाते क्रमांक त्यांना पाठ होता. दाखल्याची तारीख त्यांनी सांगितली. मग पडद्यावर तो रकाना आला, जो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी थांबले.

"विचार की," वहिनी म्हणाल्या. "विचारावंच लागतं ते."

"मृत व्यक्तीशी तुमचं नातं?"

"बायको."

मी ते भरलं. बटण दाबलं. झालं, म्हणून सांगितलं. फोन कुणी ठेवला नाही. मग त्यांनी विचारलं, "बोर्डावर किती आहेत गं थांबलेले?"

मी वर पाहिलं. आता आम्ही दोघीच होतो टेबलावर. सहा होते.

"कुणी नाही, वहिनी," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

"मग जरा रडते," वहिनी म्हणाल्या.