सिवाडीवालीचा भाचा

सूरजभान कोर्टाच्या तारखेला निघाला की गल्लीतल्या बायका दारं लोटून घ्यायच्या. म्हातारी भरपाई मात्र ओट्यावर बसून त्याच्याकडे बघत राहायची. तो तिचा चुलत दीर. गेल्या साली त्याच्या वरच्या मजल्यावरच्या पोरांनी नोकरीचं आमिष दाखवून लोकांना लुबाडलं आणि पळ काढला. पोलिसांनी विचारलं, पोरांची नावं काय, गाव कुठलं? सूरजभानला एकाचंही धड उत्तर देता येईना. ठाण्यात माहिती दिल्याशिवाय खोली देऊ नये, हा आदेश मोडल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. पण गुन्ह्यापेक्षा त्याला दुसऱ्याच प्रश्नाने खाल्लं : त्या पैशात तुझा वाटा किती? आता तो बोलायचा तेव्हा त्याचा ओठ थरथरायचा.

दिल्लीच्या दक्षिण टोकाला, शहराने गिळलेलं पण अजून पचवलेलं नाही असं हे जाटांचं गाव. भरपाई इथे लग्न होऊन आली तेव्हा आजच्या चार मजल्यांच्या जागी म्हशींचा गोठा होता. चौथी मुलगी झाली म्हणून बापाने नाव ठेवलं भरपाई. भरून पावलो, आता पुरे, असं देवाला सांगण्यासाठी. सासरी ते नावही कुणी घेतलं नाही. सून ज्या गावची, त्या गावाने ओळखायची इथली रीत. ती सिवाडीची, म्हणून सिवाडीवाली. दूधवाला, नळवाला, शेंबडी पोरं, सगळ्यांच्या तोंडी तेच.

नवरा गेला, मुलगा फौजेत. म्हशी गेल्या, भाडेकरू आले. सूरजभानचे हाल बघून तिने प्रत्येकाचा फोटो, आधार कार्डाची प्रत, मूळ पत्ता, आधीचा पत्ता असं सगळं भरून ठाण्यात दिलं होतं. फक्त एकाचं नाही. तळमजल्यावरच्या सुमेरचं.

सुमेर आला तो पायांना हात लावून, आत्याचं नातं सांगतच. "बुआ, मी सिवाडीचा. तुझ्याच पान्यातला, आपल्याच भावकीतला, धरमबीरचा मुलगा."

माहेरच्या गावचा म्हणजे भाऊ, नाहीतर भाचा. त्याच्याकडे कार्ड कसं मागायचं? सिवाडीत बातमी गेली असती की भरपाईने आपल्या पोराला दारात उभं करून ओळख विचारली. तिने मागितलं नाही. उलट लोण्याचा गोळा टाकून बाजरीची खिचडी वाढली. संध्याकाळी तो ओट्यावर बसायचा, ती बोलत राहायची. तळं, तळ्याकाठचा पिंपळ, आगीत जळालेली थोरल्या काकांची, ताऊची बैठक. तो मान हलवायचा. "होय बुआ, तोच पिंपळ." इतक्या वर्षांत कुणी तिचं एवढं ऐकलं नव्हतं.

मग बीट हवालदार सतपाल गल्लीत आला. प्रत्येक दारात थांबत तो वरच्या मजल्यांकडे बोट दाखवायचा.

"सिवाडीवाली काकी, सगळे नोंदवलेत ना?"

"नोंदवलेत की."

"तळमजला?"

"तो... घरचाच आहे. भाचा."

"घरचा असला तरी भाडं घेतेस ना? मग कळव. माणूस बरा की वाईट, ते आम्ही तपासू. तुझं काम फक्त सांगायचं. सूरजभानने तेवढंच केलं नाही, बघ काय झालं."

सतपाल गेला. तळमजल्याची खिडकी थोडी उघडी होती. ती अलगद मिटली.

त्या दुपारी तिने धीर करून कार्ड मागितलं. सुमेर दारात उभा राहून हसला, पण डोळे तसेच राहिले.

"सिवाडीत काय तोंड दाखवशील, बुआ? भाच्याला चोर ठरवलं म्हणून?"

"चोर नाही रे. सगळ्यांचंच घेतात."

"कार्ड गावी आहे. आणि घाई कशाची? दिवसा सगळे कामाला जातात. घरात आपण दोघंच तर असतो."

शेवटचं वाक्य त्याने अगदी मायेने उच्चारलं. ती जिन्याने वर आली. कडी लावून ती खाटेवर बसली आणि आठवू लागली. पिंपळ कुणी सांगितला? तिने. जळालेली बैठक? तिनेच. त्याने स्वतःहून सिवाडीतलं एक झाडही सांगितलं नव्हतं. धरमबीरचं नाव तेवढं त्याने घेतलं होतं, पण धरमबीर कुठल्या गावात नसतो? आणि सिवाडी? ती तर अख्खी गल्ली दिवसभर ओरडत होती.

तिने भावाला फोन लावला. "आपल्या पान्यातल्या धरमबीरला सुमेर नावाचा मुलगा आहे का रे?"

"कुठला मुलगा? त्याला दोन मुली. काय झालं? आवाज असा का?"

"काही नाही," ती म्हणाली. तळमजल्यावर दार वाजलं होतं.

पदर डोक्यावर ओढून, हातात दुधाची बरणी घेऊन ती बाहेर पडली. दूध आणायला निघालेल्या बाईला कुणी अडवत नाही. सुमेर ओट्यावर होता.

"कुठे, बुआ?"

"दुधाला."

"इतक्या लवकर?"

ती पायरी उतरली. पाठीवर त्याची नजर एखाद्या ओल्या कापडासारखी चिकटली होती. डेअरी डावीकडे, ठाणं उजवीकडे. वळणापर्यंत ती डावीकडच्या बाजूने चालली, मग झटकन उजवीकडे वळली.

ठाण्यात रिकामी बरणी टेबलावर ठेवून तिने सगळं सांगितलं. वयस्क हेड कॉन्स्टेबल कपाळाला आठ्या घालून ऐकत होता.

"आता सांगतेस? खोली देण्याआधी सांगायचं असतं. गुन्हा तुझ्यावरही होऊ शकतो, कळतं का?"

"कळतं. लिहा. पण आधी त्याचं नाव लिहा."

त्याने तिची तक्रार नोंदवली, तारीख-वेळ घातली, शिक्का मारून पोच दिली. सतपालला बरोबर पाठवलं. ते पोहोचले तेव्हा खोलीला कुलूप होतं. ओट्यावर तिच्याच घरची खिचडीची वाटी होती, धुऊन उपडी घातलेली.

आठवडाभरात दुसऱ्या राज्याचे पोलिस सुमेरचा फोटो घेऊन भरपाईच्या दारात आले. तिथे त्याचं नाव वेगळं होतं. एका एकट्या म्हातारीच्या घरी तो भाचा म्हणूनच राहिला होता. त्या म्हातारीचं पुढे काय झालं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि भरपाईने विचारलं नाही.

"याला तू आसरा दिलास?" त्यांचा अधिकारी गरजला.

सतपाल मध्ये पडला. "साहेब, उशीर केला तिने, खरं आहे. पण आम्ही शोधत नव्हतो तेव्हा स्वतः चालत आली. कार्ड देत नाही म्हणून नोंद केली. त्याच्या शोधाचं तुमचं पत्र त्यानंतर आलं."

अधिकाऱ्याने पोचेवरची तारीख पाहिली, आपल्या पत्रावरची पाहिली. त्याचा आवाज खाली आला. त्याने खुर्ची मागवली आणि तिला बसवून साक्षीदार म्हणून जबाब घेतला. उशिराबद्दल ठाण्याने समज देऊन सोडलं. पलीकडच्या दारातून सूरजभान पाहत होता. त्याच्या वेळी त्याला कुणी खुर्ची दिली नव्हती.

पुढे भाऊ आपल्या नातवाला कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला घेऊन आला. लेकी-बहिणींच्या सासरचं पाणीही प्यायचं नाही, या रीतीने तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. भरपाईने नातवाकडे पाहिलं. नाक तिच्या बापाचं होतं.

"कार्ड आणलंस?" ती म्हणाली.

भावाचा चेहरा उतरला. "बेबे, हा आपला..."

"आधी ठाण्यात जाऊ. मग जेवण."

ती बोलत असतानाच गल्लीच्या टोकावरून कुणीतरी हाक मारली, "ओ सिवाडीवाली!" भाजीवालाच असणार, हीच त्याची वेळ. तरी तिने नातवाला आत ओढलं आणि दाराची कडी हातात धरून, आवाज ओळखीचा आहे का, ते ऐकत उभी राहिली.