गच्चीची किल्ली

सकाळी पोळ्या लाटत होते, तेवढ्यात दार वाजलं. शेजारचे चिंतामण गुरुजी चौकट धरून उभे होते.

मध्यंतरी साध्या तापानंतर त्यांना अचानक गरगरायला लागलं. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नसेला सूज आली होती. कित्येक दिवस उलट्या करत ते पडून होते. गरगर थांबली, तरी चालताना डावीकडे झोक जायचाच.

"गल्लीत पोरं ओरडली, 'गुरुजी टाइट!'" ते खाली बघत म्हणाले. "सुपारीसुद्धा खात नाही हो मी. तेव्हापासून घरातच बसलो."

"आणि डॉक्टर?"

"रागावले. म्हणाले, बसून तोल येणार नाही. चाला, हाताचा अंगठा समोर धरून त्यावर नजर ठेवून मान हलवा." ते घुटमळले. "वहिनी, गच्चीची किल्ली द्याल? कठडा धरून चालेन. तिथं कुणी बघत नाही."