सात नोंदी, सहा आठवडे

लंडनजवळच्या पिनरमध्ये आमच्या समोरच्या घरात राहणारी मुलगी पुण्यात सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये होती. इथे आल्यावर बाळंतपण झालं आणि तीन वर्षं घरातच गेली. ब्रिस्टलच्या एका ट्रेनिंग कंपनीने तिला चाचणीचा एक लेख लिहायला सांगितला: प्रोग्रॅमिंगचा गंधही नसलेल्या माणसाला पहिला प्रोग्रॅम करायला शिकवणारा. पसंत पडला तर वर्षभराचं काम, नाही तर पुन्हा अर्ज करत बसायचं. सोमवारी सकाळी नऊला लेख द्यायचा होता. रविवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आली.

"दादा, फक्त एकदा नजर टाका," ती म्हणाली.

मी तीस वर्षं आकडेमोडीचे प्रोग्रॅम लिहितोय. नुसती नजर टाकणं मला जमत नाही. मुलाचा जुना, सगळं पुसून कोरा केलेला लॅपटॉप मी काढला आणि लेखात लिहिलंय तेवढंच करायचं ठरवलं. विषय चांगला होता. विजेच्या मीटरच्या आठवड्याच्या नोंदी एका फाइलमध्ये लिहायच्या आणि दर आठवड्याला सरासरी किती युनिट जातात ते प्रोग्रॅमकडून काढून घ्यायचं.

पंधरा मिनिटांत प्रोग्रॅम सुरू करण्यापर्यंत पोचलो. ठीक आहे, असं म्हणणार तोच बायको म्हणाली, "अहो, तुम्ही मघाशी ते काय टाइप केलंत? लेखात तर नाहीये ते."

फाइल ठेवलेल्या फोल्डरमध्ये जायची आज्ञा मी सवयीने देऊन टाकली होती. हात आपोआप चालला, डोक्याला पत्ताच नाही. मग मी खुर्ची सोडली. लॅपटॉप पुन्हा कोरा केला आणि बायकोला बसवलं. ती फार्मसीत आहे, प्रोग्रॅमिंगशी तिचा काडीचा संबंध नाही. नियम एकच: ती पुरती अडेपर्यंत आम्ही दोघांनी तोंड उघडायचं नाही.

ती तिसऱ्याच पायरीला अडली. कोड लिहायच्या खिडकीत संदेश आला: पायथन, म्हणजे प्रोग्रॅमची भाषा, सापडत नाही. पायथन बसवताना पहिल्या पडद्यावर खाली एका चौकटीत खूण करायची असते, ते लेखात नव्हतं. ते दुरुस्त झाल्यावर 'टर्मिनल उघडा' या वाक्यावर ती थांबली; आज्ञा टाइप करायच्या खिडकीला टर्मिनल म्हणतात, ते लेखात नव्हतं. "कुठलं टर्मिनल? हीथ्रोचं?"

समोरची हसली नाही. "वहिनी, एवढं तर सगळ्यांना माहीत असतं."

"मला नाही माहीत. लेख माझ्यासारखीसाठीच आहे ना?"

पुढे फोल्डरची तीच आज्ञा नसल्यामुळे फाइल सापडली नाही. ती सांगितल्यावर प्रोग्रॅम सुरू झाला आणि लाल अक्षरं फेकून थांबला. फाइलमधून वाचलेल्या नोंदी मजकूर म्हणून येतात. त्यांना आकडा केल्याशिवाय वजाबाकी होत नाही. आकडा करणारा शब्द कोडमध्ये नव्हताच.

"आधी होता," ती हळूच म्हणाली. चालवून बघितलेला कोड लेखात चिकटवल्यावर नवख्यांना कठीण वाटेल म्हणून तिने तो शब्द काढला होता, आणि त्यानंतर कोड पुन्हा चालवला नव्हता.

तो शब्द परत घातला. उत्तर आलं १०.२९. तिने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. पाच वाजले होते, मूल घरी वाट बघत होतं. मी मात्र कागदावर हिशेब करत होतो. पहिली नोंद ४१२०, शेवटची ४१९२, फरक ७२. नोंदी सात, पण दोन नोंदींच्या मधला आठवडा धरायचा, म्हणजे आठवडे सहा. उत्तर बारा यायला हवं. प्रोग्रॅम सातने भागत होता.

तिने पडद्यावरच्या नोंदी बोटाने मोजल्या. मग म्हणाली, "दादा, चूक दाखवणारा संदेश आला असता तर बरं झालं असतं. हे तर गुपचूप गेलं असतं."

मी तिला स्पष्टच सांगितलं की अशीच चूक मी नोकरीत एकदा केली होती आणि ती तीन महिने कोणाच्या लक्षात आली नव्हती. तिने नवऱ्याला फोन करून मुलाला जेवू घालायला सांगितलं. सव्वासातपर्यंत आमच्याच टेबलावर बसून गाळलेल्या पायऱ्या लिहिल्या, टर्मिनल आणि फोल्डर म्हणजे काय ते दोन-दोन ओळींत सांगितलं, सातातून एक का वजा करायचा ते एका छोट्या आकृतीत दाखवलं. मग लॅपटॉप तिसऱ्यांदा कोरा केला. बायको पहिल्या ओळीपासून बसली. कुठे न अडता, आम्हाला काही न विचारता तिने बारा आणले.

गुरुवारी काम मिळाल्याचं कळलं. संपादकाने लेखातला एकच परिच्छेद छोटा करायला सांगितला होता.

आता दर पंधरा दिवसांनी ती नवा लेख घेऊन येते, पण माझ्याकडे नाही, बायकोकडे. दोघी टेबलावर बसतात आणि मला बाहेरच्या खोलीत पाठवतात. मी तिथे असलो की आपोआप उत्तरं देतो, अशी बायकोची तक्रार आहे. ती खरी आहे. हिशेब तपासायची वेळ आली की मात्र दोघी मला हाक मारतात.